सहकाऱ्याबद्दल अभिप्राय कसा लिहावा: ३६० डिग्री फॉर्मच्या रिकाम्या चौकोनासाठी

मार्च उजाडला की आमच्याकडे ३६० डिग्री फीडबॅकचे फॉर्म निघतात. एका माणसाबद्दल त्याचा साहेब, त्याच्या हाताखालचे लोक आणि बरोबरीचे सहकारी अशा सगळ्यांनी लिहायचं आणि त्याचा एकत्र रिपोर्ट त्या माणसाच्या हातात द्यायचा, असा हा प्रकार. मी बडोद्यात, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. रिपोर्ट निघण्याआधी सगळे अभिप्राय माझ्या नजरेखालून जातात. मला त्यातलं अक्षरही बदलता येत नाही. शिवीगाळ असेल किंवा कुणाची घरगुती गोष्ट उघडी पडत असेल, तर तेवढा अभिप्राय अडवता येतो, बस.

यात सगळ्यात जास्त फसतात ते बरोबरीच्या सहकाऱ्यांचे अभिप्राय. कारण उघड आहे: उद्या दुपारी त्याच माणसासमोर डबा उघडायचा असतो. मग बहुतेक जण 'खूप मेहनती, मनमिळाऊ, असंच चालू ठेवा' लिहून मोकळे होतात. आणि एखादा, नाव दिसणार नाही या भरवशावर, वर्षभराचा राग एकाच चौकोनात ओततो. दोन्ही वाचून त्या माणसाला सोमवारी सकाळी वेगळं काय करायचं ते कळत नाही.

हा लेख फक्त त्या चौकोनाबद्दल आहे. आमचे फॉर्म इंग्रजीत असतात, पण आपण विचार मराठीत करतो, म्हणून उदाहरणं मराठीतच देते. इंग्रजीचं काय करायचं ते पाचव्या टप्प्यात येईल.

## टप्पा १: फॉर्म उघडण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या

एचआरला फोन करा किंवा येऊन विचारा. कुणी विचारत नाही म्हणून आम्ही सांगत नाही, हा आमचाही दोष.

पहिली गोष्ट, सहकाऱ्यांच्या गटात कमीत कमी किती जण असले तरच त्या गटाचे आकडे वेगळे दाखवतात? बऱ्याच ठिकाणी ही संख्या तीन असते. तिघांपेक्षा कमी फॉर्म आले तर तो गट दुसऱ्या गटात मिसळतात किंवा दाखवतच नाहीत. दुसरी गोष्ट, लिहिलेला मजकूर जसाच्या तसा जातो का? बहुतेक वेळा जातो. आकड्यांची सरासरी होते, वाक्यांची होत नाही. म्हणजे नाव झाकलेलं असतं, पण तुमची भाषा उघडी असते. तिसरी गोष्ट, हा रिपोर्ट फक्त त्या माणसाच्या सुधारणेसाठी आहे, की पगारवाढ आणि बढती ठरवतानाही बघतात?

तिसऱ्या उत्तरावर बरंच अवलंबून आहे. पगाराशी जोडलेला फॉर्म असला की लोकांचा हात आपोआप सैल होतो आणि सगळ्यांना पाचपैकी चार-पाच गुण पडतात. असं असेल तर तुमचे आकडे कितीही प्रामाणिक असले, तरी इतरांच्या फुगलेल्या आकड्यांत हरवतील. अशा वेळी सगळी मेहनत मजकुरावर घ्या.

तपासा: गेल्या वर्षभरात या माणसाबरोबर तुम्ही प्रत्यक्ष काम केलं आहे का? एकाच मजल्यावर बसणं म्हणजे काम नव्हे. केलं नसेल तर फॉर्म सरळ परत करा. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

सावधान: एखादा प्रश्न तुम्हाला लागूच पडत नसेल तर 'पाहण्याची संधी मिळाली नाही' हा पर्याय निवडा. पुष्कळ जण माहीत नाही म्हणून मधला ३ देतात. हा ३ सरासरीत जातो. तीन सहकाऱ्यांनी ४, ५ आणि ४ दिले तर सरासरी ४.३३ येते. त्यात तुमचा 'माहीत नाही' म्हणून दिलेला ३ पडला की ती थेट ४ वर येते. त्या माणसाला वाटतं, कुणीतरी नाराज आहे. तो आठवडाभर शोधत बसतो, आणि असं कुणी नसतंच.

## टप्पा २: आठवणीवर विसंबू नका, अर्धा तास कागद घेऊन बसा

फॉर्म मार्चमध्ये येतो, त्यामुळे लोकांना जानेवारी ते मार्चच आठवतो. जूनमध्ये ज्याने तुमची डिलिव्हरी वाचवली, तो मार्चमध्ये एकदा तुमच्यावर खेकसला, तर फॉर्ममध्ये खेकसणंच उतरतं. उलटंही होतं. वर्षभर त्रास देणारा शेवटच्या महिन्यात गोड वागला की सगळं माफ.

म्हणून फॉर्म न उघडता आधी मेल, कॅलेंडर आणि कामाचे व्हॉट्सअॅप ग्रुप त्या माणसाच्या नावाने शोधा. एका कागदावर घटना उतरवा. प्रत्येक घटनेला एक ओळ पुरे: केव्हा, त्याने नेमकं काय केलं किंवा म्हटलं, आणि त्यानंतर कामाचं काय झालं. पाच-सहा घटना झाल्या की थांबा. त्या एकाच महिन्यातल्या नकोत आणि निदान दोन तरी चांगल्या हव्यात. चांगली एकही सापडत नसेल, तर तुम्ही अजून रागात आहात. कागद खणात टाका आणि दोन दिवसांनी पुन्हा बसा.

मग प्रत्येक ओळीसमोर 'पाहिलं' किंवा 'ऐकलं' असं लिहा. 'ऐकलं' असलेल्या सगळ्या ओळी खोडा. त्या खऱ्या असतीलही, पण ज्याने पाहिलं तो लिहीलच. तुम्हीही लिहिलं तर एकच घटना रिपोर्टमध्ये दोनदा दिसते आणि वाचणाऱ्याला वाटतं, अख्खं ऑफिस हेच म्हणतंय.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. लिहिणारी प्लॅनिंग विभागातली आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं तो डिझाइनमध्ये आहे. त्याला आपण किरण म्हणू. कारखाना ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनवतो. तिच्या कागदावर अशा ओळी आल्या:

- जुलै: नवा ब्रॅकेट बसत नव्हता. किरण स्वतः शॉपवर आला, फिटरजवळ दोन तास थांबला. तो जॉब त्याच दिवशी पुढे गेला. (पाहिलं)
- ऑगस्ट: ग्राहकाने बुशिंगची जागा बदलायला सांगितली. किरणने सुपरवायझरला फोन केला, 'भोक २० मिमी डावीकडे घ्या, रिव्हिजन पाठवतो.' रिव्हिजन, म्हणजे बदललेलं ड्रॉइंग, दोन दिवसांनी आली. मधल्या काळात रात्रपाळीने जुन्या ड्रॉइंगवर झाकण कापलं. जुनं भोक बुजवून, वेल्ड घासून, पुन्हा गळती तपासावी लागली. दीड दिवस गेला. (पाहिलं)
- ऑक्टोबर: परचेसशी भांडला म्हणे. (ऐकलं)
- नोव्हेंबर: पुन्हा फोनवर बदल. या वेळी मी विचारलं म्हणून कापायच्या आधी थांबलं. (पाहिलं)
- वर्षभर: असेंब्लीच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात जोडणीचं छोटं चित्र काढतो. फिटरचे प्रश्न कमी येतात. (पाहिलं)
- फेब्रुवारी: मीटिंगमध्ये माझं बोलणं तोडलं. (पाहिलं)

ऑक्टोबरची ओळ गेली. उरल्या पाच.

## टप्पा ३: एक गोष्ट टिकवायची, एक बदलायची

सगळं लिहिण्याचा मोह टाळा. सहकाऱ्यांचे पाच-सहा फॉर्म येतात. प्रत्येकाने चार सूचना केल्या तर त्या माणसाच्या हातात वीस-बावीस सूचना पडतात आणि त्यातली एकही तो उचलत नाही. तुमची एकच, पण नीट लिहिलेली सूचना त्याच्या लक्षात राहील.

बदलायची गोष्ट निवडताना तीन कसोट्या लावा. ती पुन्हा पुन्हा घडते का? तिने कामाचं नुकसान होतं का, की फक्त मला बोचते? आणि ती बदलणं त्याच्या हातात आहे का?

फेब्रुवारीतलं बोलणं तोडणं पहिल्या दोन कसोट्यांवर पडतं. ते एकदाच झालं आणि त्याने काम अडलं नाही. बोचलं हे खरं, पण त्याची जागा फॉर्ममध्ये नाही. दुसऱ्या दिवशी चहाला म्हणायला हवं होतं, 'किरणभाई, काल माझं पूर्ण होऊ दिलं नाहीत हं.' फोनवर सांगितलेले बदल मात्र तिन्ही कसोट्यांना उतरतात. ग्राहक उशिरा बदल सांगतो हे किरणच्या हातात नाही, पण तो बदल खाली कसा पोचवायचा हे आहे.

टिकवायची गोष्टही याच कसोट्यांनी निवडा. कौतुक म्हणजे उपचार, असं समजून लोक ते घाईत उरकतात. खरं तर कौतुकाच्या ओळीतूनच त्या माणसाला कळतं की आपण करतो ते कुणाला तरी उपयोगी पडतंय आणि ते सोडायचं नाही. कोपऱ्यातल्या त्या चित्रांवर त्याची रोज दहा मिनिटं जात असतील. कामाचा ताण वाढला की सगळ्यात आधी तीच बंद होतील, कारण ती काढायला कुणी सांगितलेलं नाही.

सावधान: छळ, लैंगिक त्रास, पैशाची अफरातफर किंवा कुणाच्या जिवाला धोका होईल अशी हयगय यांतलं काही असेल तर ते या फॉर्ममध्ये लिहू नका. फॉर्म ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच हातात जातो, आणि तोही महिन्याभराने. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार नेमलेल्या अंतर्गत समितीकडे लेखी द्यायची असते. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत ती असायलाच हवी. सुरक्षेची बाब सेफ्टी ऑफिसरकडे त्याच दिवशी.

## टप्पा ४: मसुदा लिहा

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्या प्लॅनिंगवालीचा पहिला मसुदा असा होता:

> किरणला डॉक्युमेंटेशनची अजिबात शिस्त नाही. नेहमी तोंडी सांगतो आणि नंतर शॉपवर ढकलतो. स्वतःची चूक कधीच मान्य करत नाही. बाकी ड्रॉइंग ठीक असतात.

यात खोटं फार नाही, तरीही निरुपयोगी आहे. 'शिस्त नाही' हा माणसावर मारलेला शिक्का आहे. शिक्का वाचला की माणूस कामाचा विचार सोडून स्वतःच्या बचावाला लागतो. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ साली फीडबॅकवरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्र अभ्यास केला. त्यातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम सुधारण्याऐवजी घसरलं होतं. त्यांचं म्हणणं असं की फीडबॅकमुळे माणसाचं लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' याकडे गेलं की त्याचा उपयोग कमी होतो. विशेषणं नेमकं हेच करतात.

'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द तर आयतेच त्याच्या हातात दिलेले. जानेवारीत एकदा रिव्हिजन वेळेवर दिली होती हे त्याला आठवतं, आणि मग तुमचा अख्खा अभिप्राय खोटा ठरतो. 'ढकलतो' मध्ये हेतू चिकटवलाय. त्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला दिसलं नव्हतं. दिसला तो फोन आणि दोन दिवसांनी आलेली रिव्हिजन. शेवटचं 'बाकी ठीक' तर कौतुकही नाही आणि टीकाही नाही.

तिचा हा मसुदा मैत्रिणीने वाचला. ती म्हणाली, अगं, किती कडू लिहिलंस. मग दुसरा मसुदा असा झाला:

> किरणभाई अतिशय हुशार आणि सहकार्य करणारे आहेत. त्यांच्याकडून खूप शिकायला मिळतं. फक्त कम्युनिकेशनकडे जरा लक्ष दिलं तर अजून छान होईल.

माझ्यासमोर सगळ्यात जास्त येतो तो हाच. 'कम्युनिकेशन' या शब्दावर मला बंदी घालता आली असती तर मी घातली असती. किरण हे वाचून काय समजेल? मेल जास्त पाठवायच्या? इंग्रजी सुधारायचं? मीटिंगमध्ये जास्त बोलायचं? शिवाय 'जरा' आणि 'फक्त' यांनी दीड दिवसाच्या नुकसानाचं वजन काढून टाकलं. हे वाचायला गोड लागतं, म्हणूनच जास्त फसवं आहे: ऑगस्टची गोष्ट पुढच्या ऑगस्टला पुन्हा होईल.

वाक्यांचा क्रम असा ठेवा: कोणत्या प्रसंगी, त्याने काय केलं, त्याचा कामावर काय परिणाम झाला, आणि त्याऐवजी काय केलं तर बरं. पहिले तीन भाग घडलेल्या गोष्टींचे आहेत, तिथे विशेषण येऊच देऊ नका. चौथा भाग विनंतीचा. ती एवढी लहान हवी की माणूस उद्यापासून ती करू शकेल.

तिसरा मसुदा:

> असेंब्लीच्या ड्रॉइंगवर किरण जोडणीचं छोटं चित्र देतो. त्यामुळे फिटरना विचारायला वर यावं लागत नाही. हे चालू राहावं.
>
> ड्रॉइंग रिलीज झाल्यानंतरचे बदल आधी फोनवर कळतात आणि रिव्हिजन नंतर येते. ऑगस्टमध्ये मधल्या वेळात रात्रपाळीने जुन्या ड्रॉइंगवर झाकण कापलं आणि दुरुस्तीत दीड दिवस गेला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा तसं होता होता वाचलं. रिव्हिजन तयार नसेल, तर फोनबरोबरच 'अमुक ड्रॉइंगवर काम थांबवा' एवढी एका ओळीची मेल शॉप आणि प्लॅनिंगला गेली, तर दोन दिवस लागले तरी चालतील.

शेवटचं वाक्य बघा. 'रिव्हिजन लगेच द्या' अशी मागणी तिने केली नाही. ते किरणच्या हातात नाही. त्याच्या ड्रॉइंगवर आणखी दोन सह्या लागतात. एका ओळीची मेल मात्र तो जागच्या जागी टाकू शकतो. सूचना लिहिताना समोरच्याच्या खुर्चीतल्या अडचणी माहीत असल्याचं असं दिसलं, की कडवटपणा आपोआप निघून जातो. वेगळी साखर घालावी लागत नाही.

कौतुक आणि सूचना वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवलेत, तेही मुद्दाम. दोन्ही एका वाक्यात आले की मध्ये 'पण' येतो, आणि 'पण'च्या आधीचं कुणी वाचत नाही.

तपासा: मसुद्यातलं नाव झाकून ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाचं नाव घाला. तरीही तो चालत असेल, तर तो कुणाबद्दलच नाही. पुन्हा लिहा. दुसरा मसुदा आमच्या कोणत्याही डिझाइनरला, आणि खरं तर वॉचमनलाही चालेल.

## टप्पा ५: नाव झाकलंय, पण ओळखू येतंय का?

नेमकं लिहा असं आत्तापर्यंत सांगितलं. त्याची किंमत इथे मोजावी लागते. जितकं नेमकं लिहाल तितकं 'हे कुणी लिहिलं' ते उघड होतं. लोक गुळमुळीत लिहितात त्याचं खरं कारण ही भीतीच आहे, आणि ती खोटी नाही.

माझंच सांगते. आधीच्या नोकरीत, एका दुसऱ्या कंपनीत, मी स्टोअरच्या सहकाऱ्याबद्दल लिहिलं होतं. घटना सगळ्यांना माहीत असलेली, भाषा सभ्य. तरी रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते दोन चहा घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि हसत म्हणाले, 'ताई, हे तुमचंच ना?' मी इंग्रजीत 'अॅज आय हॅड टोल्ड अर्लिअर ऑल्सो' असं लिहिलं होतं. मी मेलमध्येही तसंच लिहायची, अजूनही हात तिकडेच जातो. 'मी आधीही सांगितलं होतं' म्हणजे सांगणारी कोण, हे मीच लिहून दिलं होतं. चहा चांगला होता, पण पुढे वर्षभर आम्ही दोघं जपूनच बोललो.

तेव्हापासून मसुद्यावरून दोन वेळा नजर फिरवते. पहिल्यांदा घटनांवरून: ही गोष्ट मला आणि त्याला सोडून आणखी किती जणांना माहीत आहे? ऑगस्टच्या झाकणाची गोष्ट शॉप, क्वालिटी, प्लॅनिंग अशा सगळ्यांना माहीत आहे. ती राहू द्या. नोव्हेंबरची फक्त किरण आणि प्लॅनिंगवालीला माहीत आहे, कारण तिनेच विचारलं होतं. ते वाक्य म्हणजे खाली केलेली सहीच. ते काढायचं. पण मग 'एकदाच तर झालं' असं वाटू नये म्हणून सर्वांच्या ओळखीची सवय पुढे आणायची: 'वर्षभरात तीन-चार जॉबमध्ये रिलीजनंतरचे बदल आधी फोनवर कळले.' हे चौघे-पाच जण लिहू शकतात. तिने जुने मेल पाहून मोजलं आणि आकडा खरा निघाला, म्हणूनच घातला. अंदाजाने घालू नका.

'शॉप आणि प्लॅनिंगला मेल' यातूनही लिहिणारीचा विभाग डोकावतो. 'संबंधित सगळ्यांना' केलं की झालं.

दुसऱ्यांदा भाषेवरून. गटात तुम्ही एकटेच मराठी असाल आणि मराठीत लिहिलंत, तर झाकायला उरलंच काय? बाकीचे ज्या भाषेत लिहितात त्याच भाषेत लिहा. आमच्याकडे ती इंग्रजी असते. आधी मराठीत पक्कं करा आणि मग इंग्रजीत छोटी, साधी वाक्यं करा. भाषांतरात टीका नकळत कडक होते. 'जरा आधी कळवलं तर बरं' याचं इंग्रजी करताना हात 'मस्ट' किंवा 'शुड' कडे जातो आणि विनंतीचा हुकूम होतो. तुमच्या लाडक्या शब्दांवरही नजर ठेवा. कुणाचं 'काइंडली', कुणाचे वाक्याच्या शेवटी दोन टिंब, कुणाची तीन उद्गारचिन्हं. ऑफिस या गोष्टी हस्ताक्षरासारख्या ओळखतं.

सावधान: काही गोष्टी कितीही फिरवल्या तरी ओळखूच येतात, कारण त्या फक्त तुमच्या दोघांत घडलेल्या असतात. अशा गोष्टी फॉर्म उघडण्याआधी समोरासमोर बोला. ते जमणारच नसेल, तर त्या सोडून द्या.

तिचा शेवटचा मजकूर, मराठीत:

> असेंब्लीच्या ड्रॉइंगवर जोडणीचं छोटं चित्र असतं. त्यामुळे शॉपवरचे प्रश्न कमी होतात. हे चालू राहावं.
>
> वर्षभरात तीन-चार जॉबमध्ये रिलीजनंतरचे बदल आधी फोनवर कळले आणि रिव्हिजन नंतर आली. ऑगस्टमध्ये मधल्या वेळात जुन्या ड्रॉइंगवर झाकण कापलं गेलं आणि दुरुस्तीत दीड दिवस गेला. रिव्हिजनला वेळ लागणार असेल, तर फोनबरोबर 'या ड्रॉइंगवर काम थांबवा' अशी एका ओळीची मेल संबंधित सगळ्यांना गेली, तर हे टळेल.

## टप्पा ६: आकडे सगळ्यात शेवटी

फॉर्ममध्ये आकडे आधी येतात म्हणून लोक ते आधी भरतात. पहिल्या प्रश्नाला ४ दिला की पुढच्या दहांनाही ४ देत जातात. माणूस आवडतो किंवा आवडत नाही, एवढंच त्यात उमटतं. तुम्ही मजकूर आधी पक्का करा आणि मग प्रत्येक प्रश्नासाठी दुसऱ्या टप्प्यातल्या कागदाकडे बघा. किरणला 'तांत्रिक काम' मध्ये ५ आणि 'बदल वेळेवर कळवणे' मध्ये २ मिळाला तर त्यात विसंगत काही नाही. उलट सगळीकडे ४ देऊन खाली दीड दिवसाच्या नुकसानाबद्दल लिहिलंत, तर तो आकड्यांवर विश्वास ठेवील आणि मजकूर विसरून जाईल. मीही तेच करीन.

तपासा: ज्या प्रश्नाला १ किंवा २ दिलात, त्याचं कारण मजकुरात आहे का? नसेल तर एक वाक्य घाला. कारण न देता दिलेला कमी आकडा सगळ्यात जास्त झोंबतो.

## टप्पा ७: एक रात्र जाऊ द्या, मग पाठवा

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला फॉर्म भरू नका. आमच्याकडे निम्मे फॉर्म तेव्हाच येतात आणि ते ओळखू येतात. आदल्या दिवशी लिहून ठेवा. सकाळी एकदा मोठ्याने वाचा, पण तुमच्या आवाजात नको. किरण हे त्याच्या बायकोला वाचून दाखवतोय असं समजून वाचा. जिथे तुम्हालाच मान खाली घालावीशी वाटेल, तो शब्द बदला. आणि जिथे बायको विचारील, 'म्हणजे नक्की काय करायचं?', तिथे अजून एक वाक्य हवंय.

पाठवल्यावर कुणी विचारलंच, 'तू काय लिहिलंस?', तर 'त्या फॉर्मबद्दल मी कुणाशीच बोलत नाही' एवढंच सांगा, आणि सगळ्यांना तेच सांगा. चांगलं लिहिलेल्यांना सांगितलंत आणि बाकीच्यांशी गप्प राहिलात, तर तुमचं गप्प राहणंच उत्तर होतं.

मसुदा सामायिक ड्राइव्हवर ठेवला असेल तर पुसा. गेल्या वर्षी एकाचा 'फायनल २' नावाचा फोल्डर मला प्रिंटरशेजारच्या संगणकावर उघडा सापडला. त्यात सहा जणांचे अभिप्राय होते, नावांसकट.